दोन स्क्रीनशॉट आणि एक प्रश्न: जुनी रिजीम की नवी?

नोव्हेंबर संपता संपता भाचीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन स्क्रीनशॉट पाठवले. पहिला तिच्या पगाराच्या स्लिपचा होता आणि दुसरा कंपनीच्या पोर्टलवरच्या डिक्लेरेशनच्या पानाचा, जिथे वर्षभरात कुठे किती गुंतवणार हे आधीच सांगून ठेवायचं असतं. खाली तिचा निकालही तयार होता. "मामा, मी हिशेब केला. जुन्या रिजीममध्ये कर ७७,७०० येतो आणि नव्या रिजीममध्ये ८८,१४०. म्हणजे जुनीच बरी ना? मग कंपनी दर महिन्याला एवढा टीडीएस का कापते?"

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा मोलाचा होता, कारण त्याचं उत्तर तिच्याच स्लिपमध्ये होतं. तिचा हिशेब चुकला होता, आणि चुका अशा होत्या की त्या जवळजवळ प्रत्येक जण करतो. म्हणून तिची परवानगी घेऊन, आकडे थोडे गोल करून, तो सगळा हिशेब इथे मांडतो. रिजीम म्हणजे आयकर मोजायची पद्धत. अशा दोन आहेत, जुनी आणि नवी, आणि पगारदाराने त्यातली एक निवडायची असते. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत.

स्लिपचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवताना पॅन, पीएफचा यूएएन आणि बँक खात्याचा क्रमांक यांवर रेघ मारायची. करासाठी यातलं काहीच लागत नाही. हे तिलाही सांगितलं, आणि सांगेपर्यंत उशीर झालेला होता.

आता स्लिप बघू. बेसिक ६०,०००, एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता २४,०००, स्पेशल अलाउन्स ३६,०००. एकूण १,२०,०००. कपातीच्या बाजूला पीएफ ७,२००, व्यवसाय कर २०० आणि `Income Tax` या नावाने दर महिन्याला आगाऊ कापला जाणारा कर, म्हणजेच टीडीएस, १०,५१७. तिने १,२०,००० गुणिले १२ केले, १४,४०,००० आले आणि तेच वर्षाचं उत्पन्न धरलं.

इथे पहिली गफलत झाली. एका महिन्याची स्लिप हा वर्षाचा बारावा भाग असेलच असं नाही. त्यासाठी स्लिपवर `YTD` नावाचा रकाना असतो, म्हणजे एप्रिलपासून आजपर्यंतची बेरीज. स्क्रीनशॉट काढताना मोबाइलच्या पडद्यावर उजवीकडचा हा रकाना बऱ्याचदा कापला जातो. तिचाही कापला गेला होता, म्हणून पुन्हा मागवला. नोव्हेंबरपर्यंतची एकूण मिळकत होती १०,२०,०००. आठ महिन्यांचे १,२०,००० प्रमाणे ९,६०,००० व्हायला हवेत. मग वरचे ६०,००० कुठून आले? जूनमध्ये मिळालेला बोनस. तो नेमणूकपत्रातच ठरलेला होता, मिळाला, खर्चही झाला आणि हिशेबातून निसटला. म्हणजे वर्षाचं खरं उत्पन्न १५,००,००० झालं.

उलटी चूकही लोक करतात. नेमणूकपत्रातला सीटीसीचा आकडा घेतात. त्यात कंपनी आपल्या बाजूने भरते तो पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता असं बरंच काही मिसळलेलं असतं, आणि ते सगळं काही त्या वर्षीच्या करपात्र पगारात येत नाही. त्यामुळे सीटीसी धरली तर उत्पन्न फुगतं. स्लिपवरची एकूण मिळकत, म्हणजे कपातीच्या आधीची बेरीज, हा सुरुवात करायचा आकडा.

नव्या रिजीमचा हिशेब आधी उरकून टाकू, कारण तो चार ओळींत होतो. १५,००,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० वजा केलं की १४,२५,००० उरतात. एचआरए, ८०सी या कलमाखालची गुंतवणूक, मेडिक्लेम, एनपीएस या पेन्शन योजनेत स्वतः भरलेले पैसे यातलं इथे काहीही वजा होत नाही. व्यवसाय करही नाही. पहिल्या चार लाखांवर कर शून्य. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. आठ ते बारा लाखांवर १० टक्के, म्हणजे ४०,०००. उरलेल्या २,२५,००० वर १५ टक्के, म्हणजे ३३,७५०. बेरीज ९३,७५०. त्यावर ४ टक्के सेस ३,७५०. एकूण ९७,५००.

या टप्प्यावर हमखास एक प्रश्न येतो, तिनेही विचारला. "बारा लाखांपर्यंत कर नाही ना? मग माझा कर फक्त वरच्या सव्वादोन लाखांवर का नाही?" बारा लाखांपर्यंत कर शून्य होतो तो रिबेटमुळे, स्लॅबमुळे नाही. कर आधी चार लाखांपासूनच मोजला जातो. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर येणारा कर, जास्तीत जास्त ६०,०००, माफ होतो. बारा लाख ओलांडले की ही माफी जाते. जेमतेम ओलांडणाऱ्याला थोडा दिलासा आहे, म्हणजे वाढीव उत्पन्नापेक्षा कर जास्त होऊ देत नाहीत. पण १४,२५,००० ला त्याचा उपयोग नाही. पगारदाराच्या बाबतीत स्टँडर्ड डिडक्शन धरून ही रेषा १२,७५,००० ला येते. ज्याचं एकूण वार्षिक उत्पन्न म्हणजे पगारच आणि तो त्या आत आहे, त्याला हा पुढचा लेख वाचायचीही गरज नाही. नव्या रिजीममध्ये त्याचा कर शून्य आहे आणि शून्याखाली कुठलीच रिजीम नेत नाही.

आता दुसरा स्क्रीनशॉट. खरी गंमत इथे आहे.

पोर्टलवरच्या पानावर तिने भरलेल्या रकमा अशा होत्या: पीपीएफ ६०,०००, एलआयसीचा हप्ता ३०,०००, ईएलएसएस म्हणजे कर वाचवणारा म्युच्युअल फंड ६०,०००, स्वतःचा मेडिक्लेम १६,०००, आईवडिलांचा मेडिक्लेम ३४,०००, एनपीएस ५०,००० आणि घरभाडं २,४०,०००. पानाच्या तळाशी पोर्टलने बेरीज छापली होती, ४,९०,०००. तिने त्यात पीएफचे वर्षाचे ८६,४०० मिळवले, ५,७६,४०० केले आणि स्टँडर्ड डिडक्शन व व्यवसाय करासोबत हे सगळं उत्पन्नातून वजा करून टाकलं.

तळाची ती बेरीज म्हणजे तुम्ही काय सांगितलंत त्याची नोंद आहे. कायदा त्यातलं किती मान्य करेल हे तिथे दिसत नाही. जाहीर केलेली रक्कम आणि वजावट यांच्यामध्ये प्रत्येक ओळीला एक मर्यादा उभी असते. ओळीओळीने बघू.

पहिल्या तीन ओळी, पीपीएफ, एलआयसी आणि ईएलएसएस, एकाच खोलीत राहतात. ती खोली म्हणजे कलम ८०सी, आणि तिच्यात जागा फक्त १,५०,००० ची. या तिघांची बेरीज बरोबर दीड लाख होते, म्हणून तिला वाटलं की मर्यादा चोख भरली. पण पीएफही त्याच खोलीतला. स्लिपमधून दर महिन्याला कापले जाणारे ७,२०० वर्षाला ८६,४०० होतात आणि ते तिथे आधीच येऊन बसलेले असतात. डिक्लेरेशनच्या पानावर पीएफची ओळ नव्हती, कारण कंपनी तो आकडा पगाराच्या नोंदीतून स्वतःच घेते. दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघावे लागतात ते यासाठी.

म्हणजे ८६,४०० नंतर जागा उरली ६३,६००. त्यात पीपीएफचे ६०,००० गेले. उरले ३,६००. एलआयसी आणि ईएलएसएसमध्ये मिळून ९०,००० जाणार होते, आणि करासाठी त्यातल्या फक्त ३,६०० चा उपयोग. ईएलएसएसचे पैसे तिने अजून भरलेही नव्हते, डिसेंबरमध्ये "कर वाचवायला" भरणार होती. तीन वर्षं अडकणारे साठ हजार, आणि बदल्यात वजावट जवळपास काहीच नाही. तिला म्युच्युअल फंडात पैसे घालायचेच असतील तर खुशाल घालावेत, फक्त कर वाचतो म्हणून नको. आणि हो, ही खोली भरते ती स्वतः भरलेल्या पीएफने. कंपनी तिच्या नावाने जो हिस्सा भरते तो ८०सी मध्ये येत नाही.

मेडिक्लेमच्या दोन ओळी साध्या आहेत. स्वतःच्या कुटुंबासाठी मर्यादा २५,०००, आईवडील ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठी वेगळे ५०,०००. तिचे १६,००० आणि ३४,००० दोन्ही मर्यादेत बसतात, म्हणून पूर्ण ५०,००० मान्य. हप्ता रोखीने भरलेला नको, एवढीच अट. स्वतः भरलेलं एनपीएस ५०,०००, तेही दीड लाखाच्या बाहेरचं, म्हणून पूर्ण मान्य.

आता घरभाडं. दुसरी मोठी चूक इथे होती.

तिने २,४०,००० भाडं भरलं म्हणून २,४०,००० वजा केले. काही जण याहून पुढे जातात आणि स्लिपमधला एचआरएचा पूर्ण आकडा करमुक्त धरतात. दोन्ही चूक. कायदा तीन आकडे काढायला सांगतो आणि त्यातला सर्वांत लहान आकडा करमुक्त करतो. पहिला आकडा म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला एचआरए: २४,००० गुणिले १२, म्हणजे २,८८,०००. दुसरा, भरलेल्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा करून उरलेली रक्कम. वर्षाचं बेसिक ७,२०,०००, त्याचे १० टक्के ७२,०००, म्हणून २,४०,००० वजा ७२,०००, म्हणजे १,६८,०००. तिसरा, बेसिकचे ४० टक्के, म्हणजे २,८८,०००. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत हे ५० टक्के असतं. ती पुण्यात राहते, आणि २०२५-२६ साठी पुणे ४० टक्क्यांतच मोडतं. तिन्हीतला लहान आकडा १,६८,०००. एवढंच करमुक्त.

दुसऱ्या आकड्यामागचा विचार ध्यानात घेतला की सूत्र पाठ करावं लागत नाही. बेसिकच्या दहा टक्क्यांपर्यंतचं भाडं माणूस स्वतःच्या खिशातून देईल असं कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या वरच्या भाड्यालाच सवलत देतो. म्हणून बेसिक जास्त आणि भाडं बेताचं असेल, तर एचआरए कितीही मोठा असला तरी हाती थोडंच लागतं. बहुतेक जण अडकतात ते याच आकड्यावर. शिवाय वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. अकरा महिन्यांचा करार आहे, पावत्या आहेत, पण मालक पॅन द्यायला तयार नाही, अशा वेळी कंपनी ही सवलत नाकारते आणि हिशेबातून मोठी रक्कम एका झटक्यात गळून पडते. डिक्लेरेशन भरताना पॅनची चौकट नंतर भरू म्हणून मोकळी सोडली असेल, तर त्या ओळीवर भिस्त ठेवू नये.

आता जुन्या रिजीमचा खरा हिशेब. १५,००,००० मधून स्टँडर्ड डिडक्शन इथे ५०,०००, व्यवसाय कर २,५०० (दरमहा २००, फेब्रुवारीत ३००), एचआरए १,६८,०००, ८०सी चे १,५०,०००, मेडिक्लेम ५०,०००, एनपीएस ५०,०००. उरले १०,२९,५००. अडीच लाखांपर्यंत शून्य. अडीच ते पाच लाखांवर ५ टक्के, म्हणजे १२,५००. पाच ते दहा लाखांवर २० टक्के, म्हणजे १,००,०००. वरच्या २९,५०० वर ३० टक्के, म्हणजे ८,८५०. बेरीज १,२१,३५०, सेस ४,८५४, एकूण १,२६,२०४.

तिच्या हिशेबात जुनी रिजीम दहा हजारांनी स्वस्त होती. प्रत्यक्षात ती २८,७०४ ने महाग निघाली.

आता स्लिपमधली ती ओळ पुन्हा बघा, `Income Tax` १०,५१७. बाराने गुणा. १,२६,२०४. म्हणजे कंपनीचा हिशेब चोख होता. डिक्लेरेशनच्या पानाच्या अगदी वर बारीक अक्षरात `Tax Regime: Old` लिहिलेलं होतं. एप्रिलमध्ये "गेल्या वर्षीसारखंच" म्हणून तिनेच ते निवडलं होतं. काहीच निवडलं नसतं तर कंपनीने नव्या रिजीमने, महिना साधारण ८,१२५ कापले असते, कारण २०२३-२४ पासून नवी रिजीम हीच मूळ धरलेली आहे आणि जुनी हवी असेल तर ती मागावी लागते. कोणत्या रिजीमने कर कापला जातोय हे ओळखायची ही सोपी युक्ती आहे: दोन्हीकडचा वर्षाचा कर काढायचा, बाराने भागायचा आणि स्लिपमधला आकडा कुणाजवळ जातो ते बघायचं. वर्षाच्या मध्ये पगार वाढला असेल किंवा बोनस अचानक आला असेल तर हा आकडा तंतोतंत जुळत नाही, कारण कंपनी उरलेला कर उरलेल्या महिन्यांत वाटते. पण कुठल्या बाजूला झुकलाय ते कळतं.

"मग जुनी रिजीम कधी परवडते?" हा तिचा पुढचा प्रश्न. याला "गुंतवणूक जास्त असेल तर" असं मोघम उत्तर देतात. त्यापेक्षा उलटा हिशेब करावा. नव्या रिजीमचा कर सेसच्या आधी ९३,७५० आहे. जुन्या रिजीममध्ये तेवढाच कर येण्यासाठी करपात्र उत्पन्न किती असायला हवं? १२,५०० पाच लाखांपर्यंतचे बाजूला काढले की उरतात ८१,२५०. हे २० टक्क्यांच्या पट्ट्यातले, म्हणजे ४,०६,२५० वरचा कर. म्हणून ९,०६,२५०. पंधरा लाखांतून इथवर यायला ५,९३,७५० वजा व्हायला हवेत. त्यातले ५०,००० स्टँडर्ड डिडक्शनचे. बाकीच्या वजावटी ५,४३,७५० च्या हव्यात. तिच्या खऱ्या वजावटी आहेत ४,२०,५०० च्या. १,२३,२५० कमी पडतात.

हा कमी पडणारा आकडा हाती आला की पुढचे सगळे "असं केलं तर?" झटपट निकालात निघतात. ८०सी भरलंय, तिथे आणखी काही घालून उपयोग नाही. एनपीएसचे ५०,००० भरलेत. मेडिक्लेममध्ये मर्यादेपर्यंत २५,००० ची जागा आहे, पण त्यासाठी मुद्दाम महाग पॉलिसी घेणं वेडेपणा.

तिने भाड्याचं विचारलं. एखादी मैत्रीण ३०,००० भाडं देत असेल आणि बाकी सगळं असंच असेल तर? वर्षाचे ३,६०,०००, वजा ७२,०००, म्हणजे २,८८,०००. एचआरएची सवलत १,२०,००० ने वाढली. तरी ३,२५० कमीच पडले. कर ९८,१७६ येतो, नव्यापेक्षा ६७६ जास्त. आणि यापुढे भाडं कितीही वाढवा, सवलत वाढणार नाही, कारण आता पहिला आकडा आडवा आला: कंपनी एचआरएच मुळात २,८८,००० देते. हीच मुलगी मुंबईत असती तरी फरक पडला नसता. तिथे तिसरा आकडा ३,६०,००० झाला असता, पण सर्वांत लहान आकडा स्लिपमधला एचआरएच राहिला असता. मुंबईत राहतो म्हणून जुनी रिजीम घ्यावी असं सरसकट सांगणाऱ्यांनी आधी स्लिप बघावी.

निकाल खरोखर फिरतो तो गृहकर्जाने. समजा, तिने गावाकडे किंवा दुसऱ्या शहरात आईवडिलांसाठी स्वतःच्या नावावर घर घेतलं असतं, ते भाड्याने दिलेलं नसतं आणि वर्षाचं व्याज दोन लाख किंवा जास्त असतं, तर जुन्या रिजीममध्ये २,००,००० व्याज वजा झालं असतं. भाड्याच्या घराची सवलत त्यासोबत चालते. करपात्र उत्पन्न ८,२९,५००, कर सेससह ८१,५३६. तेव्हा जुनी रिजीम १५,९६४ ने स्वस्त. नव्या रिजीममध्ये स्वतःच्या वापरातल्या घराच्या व्याजाला काही नाही. मुद्दल परतफेड मात्र ८०सी मध्येच येते आणि ती खोली आधीच भरलेली, म्हणून तिचा फायदा वेगळा मोजू नये. पण निव्वळ कर वाचावा म्हणून कर्ज काढणाऱ्यांना एवढंच विचारतो, सोळा हजार वाचवायला बँकेला दोन लाख द्यायचे का?

दोन्ही स्क्रीनशॉटमध्ये न दिसणारी एक गोष्ट उरते, पगाराबाहेरचं उत्पन्न. तिची एक मुदत ठेव होती, व्याज समजा ५०,०००. हे दोन्ही रिजीममध्ये उत्पन्नात मिळतं. पण नव्या रिजीममध्ये तिचा वरचा पट्टा १५ टक्क्यांचा आहे आणि जुन्यात ३० टक्क्यांचा. म्हणजे त्याच व्याजावर एकीकडे ७,५०० आणि दुसरीकडे १५,०००. दरी आणखी रुंदावते. पगाराच्या स्लिपवर केलेल्या तुलनेत हे कधीच येत नाही, म्हणून कंपनीने दिलेला कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म १६, बरोबर असूनही रिटर्न भरताना लोकांना कर भरावा लागतो.

मग नोव्हेंबरच्या शेवटी काय करायचं? पोर्टलवर रिजीम बदलायचा पर्याय बघितला तर तो बंद. बऱ्याच कंपन्या वर्षात एकदाच निवडू देतात. याने बिघडत काही नाही. कंपनीला सांगितलेली रिजीम फक्त टीडीएस कापण्यापुरती असते. धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना दरवर्षी नव्याने निवड करता येते, वेगळा फॉर्मही लागत नाही. रिटर्नमध्ये नव्या रिजीममधून बाहेर पडायचंय का असा प्रश्न असतो, तिथे "नाही" म्हणायचं. कापलेले १,२६,२०४ आणि देणं ९७,५००, फरकाचे जवळपास २८,७०० परत येतात. मुदत ठेवीच्या व्याजावरचा कर त्यातून वजा होईल, तेवढाच.

उलट दिशेने जाणाऱ्यांना मात्र घड्याळ आहे. कंपनीने नव्या रिजीमने कापलं आणि तुम्हाला जुनी हवी असेल, तर रिटर्न मुदतीतच भरायला हवं. मुदत उलटल्यावर भरलेल्या रिटर्नला जुनी रिजीम मिळत नाही, मग वजावटी कितीही असोत.

एक खबरदारी तिला घ्यायला लावली. जानेवारी-फेब्रुवारीत कंपनी पुरावे मागते: पीपीएफची नोंद, हप्त्यांच्या पावत्या, भाड्याचा करार. पोर्टलवर रिजीम जुनीच राहिली आहे, तेव्हा पुरावे दिले नाहीत तर कंपनी ती ओळ काढून टाकेल आणि उरलेला सगळा कर फेब्रुवारी-मार्चच्या दोन पगारांतून कापेल. तिने न भरलेल्या ईएलएसएसची ओळ गेली तरी काही फरक नाही, एलआयसीमुळे दीड लाख भरलेलेच राहतात. पण भाड्याचा पुरावा चुकला तर १,६८,००० परत उत्पन्नात येतील आणि ३० टक्क्यांनी, सेससह ५२,४१६ दोन महिन्यांत कापले जातील. नव्या रिजीमने रिटर्न भरल्यावर तेही परत मिळतील, पण मार्चमध्ये घरभाडं द्यायला ते हातात नसतील.

शेवटी पुढच्या एप्रिलचं बोलणं झालं. नव्या रिजीममध्ये पगारदाराला हाताशी असलेली मोठी वजावट म्हणजे कंपनीच्या बाजूने भरलेलं एनपीएस. स्वतःच्या खात्यातून भरलेल्या ५०,००० ला इथे किंमत नाही, पण तेच पैसे कंपनीने पगाराच्या रचनेतून भरले तर बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होतात. तिच्या बाबतीत वर्षाला १,००,८००. स्पेशल अलाउन्स तेवढा कमी करून घ्यायचा. करात १५,७२५ वाचतात. मात्र हे पैसे बरीच वर्षं अडकतात, आणि हातात येणारा पगार महिन्याला ८,४०० ने घटतो. वाचलेला कर धरला तर घट साधारण ७,०९० ची.

तिने थोडा वेळ काही लिहिलं नाही. मग उत्तर आलं: "सात हजार जरा जड आहेत मामा. एचआरला विचारते, १४ ऐवजी ७ टक्के चालतील का ते." चालतात की नाही हे त्यांच्या धोरणावर आहे, कायद्याची हरकत नाही.